चोखोबांच्या समाधीपासून सुरू होणारं तीन मिनिटांचं भाषण

आषाढी जवळ आली की सोलापुरातल्या शाळांत दिंडीची तयारी सुरू होते. मुलांना धोतर-टोप्या, मुलींना नऊवारी, कुंडीतली तुळस, कुणाच्या तरी घरून आणलेले टाळ. त्याच आठवड्यात परिपाठाला कुणीतरी एक भाषण करायचं असतं आणि ते बहुतेक वेळा 'संतांनी समतेचा संदेश दिला' या वाक्याने सुरू होऊन त्याच वाक्याने संपतं. मी सातवी-आठवीला इतिहास शिकवते. गेली काही वर्षं मी या भाषणासाठी एकच विषय देते : पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांसाठी खुलं व्हावं म्हणून झालेली चळवळ, आणि ती आज का आठवायची. हे भाषण मुलाकडून कसं तयार करून घ्यायचं, ते इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिते आहे. शेवटी तयार झालेलं भाषणही दिलं आहे.

आधी चळवळ नको, एक दार निवडा

'समाजसुधारणेची चळवळ' असा विषय मुलाच्या हातात दिला की ते राजा राममोहन रॉय यांच्यापासून सुरुवात करतं आणि तीन मिनिटांत नऊ नावं घेऊन मोकळं होतं. ऐकणाऱ्याला एकही आठवत नाही. म्हणून एकच घटना घ्यायची. तीही अशी, जिची जागा मुलांनी पाहिलेली आहे किंवा पुढच्या सुट्टीत पाहता येईल.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट आयती मिळाली आहे. मंगळवेढा आपल्या जिल्ह्यात, पंढरपूरही आपल्याच जिल्ह्यात. शेगावची गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून मंगळवेढ्याकडे आणि तिथून पंढरपूरला जाते, तेव्हा निम्मी शाळा रस्त्यावर उभी असते. ज्या वाटेने पालखी जाते त्याच वाटेवर ही गोष्ट घडली, हे मुलांना सांगितलं की विषय पुस्तकातून उठून रस्त्यावर येतो.

इथे सोलापुरात एक घोटाळा नेहमी होतो. 'चळवळ' म्हटलं की आमच्या मुलांना चार हुतात्मा आठवतात, कारण त्यांच्या नावाच्या चौकातून ती रोज जातात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली, हे त्यांना पाठ असतं. पण ती लढाई परक्या सत्तेशी होती. समाजसुधारणेची लढाई आपली आपल्याशी असते, आणि त्यामुळे तिच्यात खलनायक दाखवणं अवघड जातं. हा फरक मुलाला पहिल्याच दिवशी समजावून सांगा. नाहीतर भाषणात इंग्रज येतात आणि विषय हातातून जातो.

पाच गोष्टी पक्क्या करा, बाकीच्या सोडा

मुलाला वहीत पाचच ओळी लिहायला सांगते. जास्त माहिती मिळाली तर ती वेगळ्या पानावर ठेवायची, भाषणात आणायची नाही.

पहिली ओळ चोखोबांची. संत चोखामेळा मंगळवेढ्याचे. गावकुसाचं काम चालू असताना ते कुसू कोसळलं आणि त्याखाली सापडून ते गेले. साल १३३८. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वाराशी, नामदेव पायरीसमोर आहे. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी ओळखून आणल्या, कारण त्यांतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं, ही कथा वारकरी परंपरा सांगते. ती सुंदर आहे, पण भाषणात घ्यायची असेल तर 'परंपरा सांगते' असं म्हणूनच घ्यायची. साल आणि कथा एका श्वासात सांगितली की मुलांना दोन्ही सारखीच खरी वाटतात किंवा दोन्ही सारखीच खोटी.

दुसरी ओळ साने गुरुजींची. पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांसाठी उघडावं म्हणून त्यांनी उपोषण केलं, तेव्हा वय ४७. अनेक मुलांच्या डोक्यात गुरुजी म्हणजे पांढऱ्या दाढीचे आजोबा असतात. ४७ म्हणजे त्यांच्या बाबांपेक्षा थोडे मोठे, असं सांगा. चित्र लगेच बदलतं.

तिसरी ओळ उपोषणाची. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात सुरू झालं आणि दहा दिवस चाललं. त्याआधी काही महिने गुरुजी महाराष्ट्रभर हिंडून सभा घेत होते, गावोगावच्या लोकांना आपापली देवळं आणि पाणवठे खुले करायला सांगत होते. हे मुलं विसरतात. गुरुजी अचानक उठून उपोषणाला बसले नव्हते. लोकांची मनं आधी तयार केली आणि मग शेवटचं पाऊल टाकलं.

चौथी ओळ नाशिकची. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ही ओळ का हवी, ते पुढे येतं.

पाचवी ओळ संविधानाची. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारलं गेलं, २६ जानेवारी १९५० पासून ते लागू झालं, आणि त्याच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली.

एवढं पुरे. मध्यस्थी कुणी केली, बैठका किती झाल्या, पुढे कायदे कोणते झाले, हे सगळं महत्त्वाचं आहे. पण उन्हात उभ्या असलेल्या पाचवीतल्या मुलासाठी नाही. एक शब्द मात्र जपून वापरायला शिकवा. दहा दिवसांच्या शेवटी मंदिर खुलं करायचं 'मान्य झालं'. 'गुरुजींनी दार उघडलं' असं मुलं लिहितात. दार एका माणसाने उघडलं नाही, ते उघडायला बाकीच्यांनी मान्यता दिली. दोन वाक्यांत फार अंतर आहे.

जमलं तर एक काम करा. ज्या मुलाचं भाषण आहे त्याला एखाद्या रविवारी घरच्यांबरोबर पंढरपूरला जाऊन ती समाधी बघून यायला सांगा. सोलापूरहून एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. माझी एक विद्यार्थिनी जाऊन आली आणि म्हणाली, "बाई, आम्ही दर वर्षी जातो की. त्या समाधीपाशीच चपला सांभाळत आई उभी राहते. ती कुणाची आहे ते आम्ही कधी विचारलंच नव्हतं." तिच्या भाषणाची सुरुवात तिथेच ठरली.

'का आठवायचं' याचं उत्तर एका वाक्यात

भाषण इथेच ठरतं किंवा फसतं. 'इतिहास विसरणारा समाज इतिहास घडवू शकत नाही', 'आपण त्यांचे विचार आचरणात आणले पाहिजेत' ही वाक्यं मुलांना तोंडपाठ असतात. त्यांना एक परीक्षा लावा. वाक्यातलं पंढरपूर काढून तिथे सतीप्रथा घाला, किंवा शिवरायांचा एखादा किल्ला घाला. वाक्य जसंच्या तसं चालत असेल तर ते टाकून द्या, कारण ते कुठल्याच गोष्टीबद्दल बोलत नाही.

मग योग्य वाक्य कुठून आणायचं? मुलाला दोन तारखा शेजारी शेजारी लिहायला सांगा. पंढरपूरचं दार सगळ्यांसाठी उघडायचं ठरलं मे १९४७ मध्ये. संविधान स्वीकारलं गेलं नोव्हेंबर १९४९ मध्ये. अंतर अडीच वर्षांचं. आता परिपाठ आठवा : राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका. 'दर्जाची व संधीची समानता' हे शब्द मुलं रोज सकाळी एका सुरात म्हणतात, आणि रोज म्हटल्यामुळे ते त्यांना ऐकू येत नाहीत. हे शब्द लिहिले जात होते त्या वर्षांत सोलापूरपासून दोन तासांवरच्या देवळात कुणी आत जायचं यावर एका माणसाला जेवण सोडावं लागलं होतं.

हे कळलं की मुलं आपणहून वाक्य बनवतात. त्या मुलीने वहीत लिहिलं होतं : 'दार आपोआप उघडलं असं वाटलं तर दुसरं बंद दार दिसत नाही.' मी त्यात एक अक्षरही बदललं नाही. हे वाक्य सतीप्रथेला लावून बघा, बसत नाही. कारण ते दाराचं आहे.

एक वाक्य मिळेपर्यंत भाषण लिहायला बसू नका. दोन दिवस गेले तरी चालतील. ते नसताना लिहिलेलं भाषण माहितीची यादी होतं आणि शेवटाला कुणाचा तरी सुविचार चिकटवावा लागतो.

शब्द : इथे सगळ्यात जास्त काळजी घ्या

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका मुलाकडून याच विषयावर भाषण करून घेतलं. सानेगुरुजींनी 'आपल्या अस्पृश्य बांधवांसाठी' उपोषण केलं, त्यांचे 'उद्धारकर्ते' ते झाले, अशी वाक्यं त्यात होती. ती मीच लिहून दिली होती आणि मला ती चांगली वाटली होती. परिपाठ संपल्यावर सहावीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. हातात दप्तराचा पट्टा गुंडाळत होता. म्हणाला, "बाई, ते अस्पृश्य बांधव म्हणजे आम्हीच ना?"

मी त्याला काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. काहीतरी सावरून नेलं असणार. पण त्या दिवशी कळलं की मैदानावर उभ्या असलेल्या मुलांमध्ये 'आपण' आणि 'ते' अशी रेघ मी स्वतःच्या हाताने ओढली होती. भाषण समतेचं होतं आणि एका मुलाला त्यात तो दुसऱ्या बाजूला उभा दिसला.

तेव्हापासून काही शब्द मी बदलले. 'अस्पृश्य लोक' म्हणायचं नाही, 'अस्पृश्य मानले गेलेले' किंवा त्याहून सोपं, 'ज्यांना बाहेर ठेवलं होतं ते' असं म्हणायचं. कुणी जन्मतः अस्पृश्य नव्हतं, दुसऱ्यांनी तसं ठरवलं होतं, आणि वाक्याच्या रचनेतूनच ते कळायला हवं. 'हरिजन' हा शब्द त्या काळच्या कागदपत्रांत आणि भाषणांत आहे, पण ज्यांना तो लावला गेला त्यांच्यातल्या अनेकांना तो मान्य नव्हता आणि आजही नाही. मुलाच्या तोंडी तो देऊ नका. भाषणात 'उद्धार', 'उपकार', 'दया' हे शब्द आले की पेन्सिलने गोल करा आणि काढा. आणि श्रोत्यांना उद्देशून 'आपण सगळे त्यांना आपलं मानूया' असं कधीच म्हणायचं नाही. ज्यांना आपलं मानायचं तीही मुलं तिथेच रांगेत उभी असतात.

याच कारणाने नाशिकची ओळ ठेवायची. फक्त पंढरपूर सांगितलं तर गोष्ट अशी होते की बाहेर उभी असलेली माणसं गप्प वाट पाहत होती आणि एका भल्या माणसाने येऊन त्यांना आत नेलं. खरं तसं नव्हतं. पंढरपूरच्या सतरा वर्षं आधी नाशिकला ती माणसं स्वतः दारात उभी राहिली होती, हजारोंच्या संख्येने, आणि त्यांनी मार खाल्ला होता. दार उघडलं नाही तेव्हा बाबासाहेबांनी तो मार्गच सोडला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. म्हणजे १९४७ मध्ये पंढरपूरचं दार उघडायचं ठरलं, तेव्हा ज्यांच्यासाठी ते उघडत होतं त्यांच्यातले बरेच जण देवळाकडे पाठ करून शिक्षणाकडे आणि राजकीय हक्कांकडे निघाले होते. हा सगळा गुंता तीन मिनिटांत मांडता येणार नाही. पण नाशिकची चार वाक्यं ठेवली तर निदान गोष्ट खोटी होत नाही. मोठ्या मुलांनी पुढे प्रश्न विचारला, तर त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार ठेवा.

'आज' सांगताना आणखी एक जपायचं. मुलं उत्साहाने वर्तमानपत्रातली एखादी अत्याचाराची बातमी आणतात, गावाचं आणि जातीचं नाव घेऊन. ती बातमी खरी असते, पण परिपाठात ती सांगितली की एखाद्या मुलाकडे पंचवीस डोकी वळतात. उदाहरण वक्त्याने स्वतः पाहिलेलं, स्वतःच्या वागण्यातलं हवं. आणि ते लहान असेल तर लहानच ठेवायचं. वर्गात एकटी पडलेली मुलगी आणि सहाशे वर्षं दाराबाहेर ठेवलेली माणसं, ही एकच गोष्ट आहे असं भाषणाने म्हणता कामा नये. एक आठवल्यामुळे दुसरं दिसलं, इतकंच म्हणायचं.

माप

घड्याळ लावून पाहिलं तर आमची सातवीतली मुलं माइकवर मिनिटाला ९० ते १०० शब्द बोलतात. सरावात घरी १३० पर्यंत जातात, पण मैदानावर आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि वेग आपोआप कमी होतो. तीन मिनिटं म्हणजे फार तर ३०० शब्द. फुलस्केपच्या एका बाजूला बसेल एवढंच. जूनमध्ये पाऊस लांबला तर सकाळी आठलाही आमच्याकडे ऊन लागतं, आणि चौथ्या मिनिटाला मागच्या रांगा खाली बसू लागतात. ते दिसलं की समजायचं, भाषण लांबलं.

वाक्यं आखूड ठेवा. आमच्या शाळेत शहराच्या पूर्व भागातली कितीतरी मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. त्यांचं मराठी चांगलं असतं, पण 'अस्पृश्यतानिर्मूलनार्थ' हा शब्द कुणाच्याच जिभेवर बसत नाही. जो शब्द मूल तीन वेळा अडखळून म्हणतं तो बदलायचा. मूल बदलायचं नाही.

त्या विद्यार्थिनीच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती : 'आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो, आज मी आपणांसमोर जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती.' मोजले तर पंचवीस शब्द, म्हणजे जवळपास पाव मिनिट, आणि अजून काहीच सांगितलेलं नाही. ते काढताना ती जरा नाराज झाली, कारण स्पर्धेच्या भाषणांत तिला हेच शिकवलं होतं. मी तिला म्हटलं, तू समाधीपाशी उभी होतीस ना, सगळ्यांना आधी तिथे घेऊन जा. नमस्कार म्हण आणि चालायला लाग.

तिसऱ्या मसुद्यानंतर भाषण असं झालं :

> सगळ्यांना नमस्कार.
>
> पंढरपूरला विठ्ठलाच्या महाद्वारात नामदेवाची पायरी आहे. तिच्यासमोर एक छोटी समाधी आहे. आम्ही दर वर्षी तिथे चपला काढतो. ती कुणाची, हे मला या वर्षी कळलं.
>
> ती संत चोखोबांची. चोखोबा मंगळवेढ्याचे, आपल्याच जिल्ह्यातले. गावाचं कुसू बांधताना ते कोसळलं आणि चोखोबा गेले. साल होतं १३३८. आयुष्यभर त्यांनी विठ्ठलाचं नाव घेतलं. पण त्यांना देवळात येऊ दिलं नाही. कारण त्यांची जात.
>
> नंतर त्यांच्यासारख्यांची मुलं आली, नातवंडं आली, पणतवंडं आली. सगळी वारीत चालली. सगळी दाराबाहेर थांबली. कळसाला हात जोडून परत गेली. असं सहाशे वर्षं चाललं.
>
> मग ज्यांना बाहेर ठेवलं होतं, तेच उठले. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. आंबेडकरांबरोबर हजारो माणसं उभी राहिली. त्यांनी मार खाल्ला. दार उघडलं नाही.
>
> १ मे १९४७ ला पंढरपुरात एक शिक्षक उपोषणाला बसले. साने गुरुजी. त्यांचं नाव पांडुरंग. मागणं एकच, देऊळ सगळ्यांसाठी उघडा. मे महिना होता. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दहा दिवस ते जेवले नाहीत. दहा दिवसांनी देऊळ खुलं करायचं मान्य झालं.
>
> आत्ताच आपण प्रास्ताविका म्हटली. 'दर्जाची व संधीची समानता.' हे शब्द पंढरपूरनंतर फक्त अडीच वर्षांनी देशाने स्वीकारले. आपण ते रोज म्हणतो. म्हणून ते सोपे वाटतात.
>
> दार आपोआप उघडलं असं वाटलं, तर दुसरं बंद दार दिसत नाही.
>
> मागच्या आठवड्यात आमच्या वर्गात एक नवी मुलगी आली. मधल्या सुट्टीत तिला कुणी बोलावलं नाही. मीपण नाही. ती खिडकीपाशी एकटी जेवली. हे भाषण लिहिताना मला ती आठवली.
>
> काल मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. आम्ही दोघींनी खाल्ली.
>
> धन्यवाद.

उभं राहून सांगताना

पाठ करायचं ते शब्दशः नाही, उताऱ्यांच्या क्रमाने. मी मुलाच्या हाताच्या बोटांवर क्रम बसवते : अंगठा समाधी, तर्जनी चोखोबा, मधलं बोट सहाशे वर्षं, अनामिका नाशिक, करंगळी पंढरपूर. दुसऱ्या हाताला प्रास्ताविका, दार, डबा. मध्येच अडलं तर बोट चाचपून पुढे जाता येतं. शब्दशः पाठ केलेलं मूल एका शब्दावर अडलं की पहिल्यापासून सुरू करतं, आणि तेव्हा सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

थांबायच्या जागा दोनच. 'दार उघडलं नाही' याच्यानंतर आणि 'मीपण नाही' याच्यानंतर. मनात तीन आकडे मोजायचे. मुलांना हे फार जड जातं, त्यांना शांतता म्हणजे चूक वाटते. म्हणून सराव वर्गात नको, मैदानावरच, माइक चालू करून, शाळा सुटल्यावर एकदा. माइक तोंडापासून चार बोटं लांब, हनुवटीच्या खाली. 'पंढरपूर' आणि 'पांडुरंग' म्हणताना 'प'चा फटका माइकमध्ये बसतो आणि पुढची अक्षरं ऐकू येत नाहीत. या भाषणात 'प' भरपूर आहेत. माइक जरा तिरपा धरला की काम होतं.

भाषणाची जागा दिनविशेषानंतर ठेवा, पण प्रास्ताविका त्याआधीच झालेली असली पाहिजे. काही शाळांत ती शेवटी घेतात. तसं असेल तर त्या दिवसापुरता क्रम बदलून घ्या किंवा 'आत्ताच' काढून 'आपण रोज म्हणतो' करा. हे आधी न पाहिल्याने एकदा आमच्या मुलीने 'आत्ताच आपण म्हटली' असं सांगितलं आणि पोरं एकमेकांकडे बघू लागली.

शेवटची विनंती सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षकांना. भाषण संपल्यावर 'खूप छान, तर मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?' असं विचारू नका. नव्या मुलीकडे कुणी वळून बघणार नाही याची काळजी घ्या. तिला आदल्या दिवशी विचारलेलं असलं पाहिजे की हे सांगितलं तर चालेल का, आणि ती नको म्हणाली तर तो उतारा काढून दुसरं उदाहरण घ्यायचं, भाषण एक दिवस पुढे गेलं तरी. ती हो म्हणाली होती. फक्त भाकरी कडक होती हे नक्की सांग, असं तिने बजावलं होतं, कारण ती तिच्या आजीने केली होती.

त्यानंतर सरळ पसायदान.